"तुमची गैरसोय मी समजू शकते" याच्याऐवजी काय बोलायचं

प्रश्न: मी २ महिन्यांपूर्वी पेमेंट ॲपच्या मराठी प्रोसेसला जॉइन झालेय, इनबाउंड. पैसे कट झाले पण समोरच्याला पोचले नाहीत, असे कॉल सगळ्यात जास्त येतात. स्क्रिप्टमधली वाक्यं बोलले की कस्टमर म्हणतात मॅडम पाठ केलेलं बोलू नका, आणि नाही बोलले तर क्यूएवाले एम्पथीचे मार्क कापतात. ओपनिंगला आणि कस्टमर चिडलेला असताना नेमकं काय बोलायचं जे खरं वाटेल?

उत्तर:

मी ४ वर्षं फोनवर काढली, त्यातली अडीच पेमेंटच्याच प्रोसेसला, आणि त्यानंतर ८ वर्षं पुण्यात मराठी आणि हिंदी बॅचेसना ट्रेनिंग देतेय. रोज रेकॉर्डिंग ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. वाक्य पाठ केलेलं आहे म्हणून ते पाठ केल्यासारखं वाटत नाही, कस्टमरने तोंड उघडायच्या आधीसुद्धा तेच वाक्य बोलता आलं असतं म्हणून तसं वाटतं. "तुमची समस्या मी समजू शकते" हे लाइट बिलवाल्यालाही चालतं, मोबाइल हरवलेल्यालाही चालतं, आणि कस्टमरला हे लगेच कळतं कारण त्याने नुकतंच सांगितलेलं त्यात काहीच नसतं. त्यामुळे मी बॅचला एकच कसोटी देते, कस्टमरचं बोलणं बाजूला काढलं तरी तुझं वाक्य जसंच्या तसं उभं राहतंय का? राहत असेल तर ते बदल.

आधी एक गोष्ट सांगते, हे थोडं तुमच्या क्यूए शीटवर अवलंबून आहे. काही वाक्यं शब्दशः बोलावीच लागतात, म्हणजे कॉल रेकॉर्ड होतोय ही सूचना, व्हेरिफिकेशनचे प्रश्न, तक्रार नोंदवल्यावर जे वाचून दाखवायचं ते. त्यांना हात लावू नका. पण एम्पथी, ॲश्युरन्स या पॅरामीटरला बहुतेक शीटवर नेमके शब्द दिलेले नसतात, उदाहरणाची वाक्यं दिलेली असतात आणि टीएलकडून खाली येता येता ती उदाहरणंच नियम होऊन बसतात. तुमच्या शीटवर खरंच काय लिहिलंय ते एकदा टीएलला विचारून डोळ्यांनी बघा.

आता ओपनिंग. हा एकच भाग असा आहे की तो कस्टमरचं ऐकायच्या आधी बोलावाच लागतो, मग तो छोटा ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत माणसाने आयव्हीआरमध्ये भाषा निवडलेली असते, स्वागत ऐकलेलं असतं, म्युझिक ऐकलेलं असतं. त्यावर परत "नमस्कार, अमुक कंपनीमध्ये आपले सहर्ष स्वागत आहे, मी अमुक, मी आज आपली काय सहाय्यता करू शकते" एवढं सगळं आलं की तो मध्येच "अहो ऐका आधी" म्हणून तोडतो आणि कॉलची सुरुवातच भांडणाने होते. शिवाय हे वाक्य मराठी नाहीच आहे, हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावलेत. सहाय्यता, असुविधा, आपल्याला प्रतीक्षा करावी लागेल, असं घरात, दुकानात, बँकेच्या काउंटरवर कोणी बोलत नाही. मराठी माणूस समोरच्याला बोलतं करायला एक शब्द वापरतो, "बोला".

"नमस्कार, मी स्नेहल बोलतेय, (कंपनीचं नाव) मधून. बोला सर, काय झालं?" बास. कंपनी आली, नाव आलं, मदतीची तयारी आली, क्यूएला लागणारं सगळं झालं. "काय झालं" जरा मोकळं वाटत असेल तर "काय अडचण आलीये" म्हणा. आवाज कोणाचा आहे ते कळलं नसेल तर सर किंवा मॅडम न लावता नुसतं "बोला ना" चालतं. आणि "बोला" म्हटल्यावर खरंच बोलू द्या. मी नव्या मुलींना सांगते की पहिली २० सेकंद माउसला हात लावू नका. नंबर काय, तारीख काय, रक्कम काय हे प्रश्न तिथे टाकले की माणसाचं सांगणं अर्धवट राहतं आणि जे अर्धवट राहतं ते तो कॉलभर परत परत काढतो. त्याचं चालू असताना "हं", "अच्छा", "बरं", "मग?" एवढंच. तेवढ्यावर त्याला कळतं की पलीकडे जिवंत माणूस आहे.

काका, मावशी, दादा, ताई म्हणायचं का हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. मी नको म्हणते. समोरच्याने आपणहून "बाळा" किंवा "ताई" म्हटलं तर पुढे "हो काका" म्हणायला हरकत नाही, पण आपण सुरुवात करायची नाही, कारण आवाजावरून वय हमखास चुकतं आणि पस्तिशीतल्या बाईला काकू म्हटलं की पुढचं काही ती ऐकतच नाही. नावापुढे "जी" लावणंही टाळा, ते आपल्या कानाला हिंदी लागतं. "पाटील साहेब", "कुलकर्णी मॅडम" हे आपल्याकडे सहज आहे.

आणि "आपण" हा शब्द. स्क्रिप्टमध्ये तो आदरार्थी असतो, "आपण आपला नंबर सांगा". बोलण्यात तो लांबचा वाटतो, तिथे "तुम्ही" वापरा. पण मराठीत "आपण"चा दुसरा अर्थ आहे, तू आणि मी मिळून, आणि तो अर्थ या कामासाठी सोन्यासारखा आहे. "आपण आधी बघू पैसे कुठे अडकलेत." या वाक्यात तुम्ही टेबलाच्या पलीकडून उठून कस्टमरच्या शेजारी येऊन बसता. इंग्रजी स्क्रिप्टवाल्यांना ही सोय नाही, आपल्याला आहे, तर ती वापरा.

आता मुख्य मुद्दा, चिडलेला माणूस. एक कॉल घेते, ट्रेनिंगमध्ये वापरते तसाच, नावगाव आणि आकडे बदलून. बार्शीहून एक गृहस्थ. मुलगा पुण्यात शिकायला आलाय, हॉस्टेलचं डिपॉझिट १४,५०० रुपये हॉस्टेलच्या मालकाच्या नंबरवर काल संध्याकाळी ७ ला पाठवले. खात्यातून गेले, मालकाला मिळाले नाहीत. काल रात्री एकदा फोन केला होता, तेव्हा सांगितलं २४ ते ४८ तास थांबा. आज दुपारी परत फोन.

"काल पण तुमच्याचकडच्या कोणीतरी सांगितलं थांबा थांबा, इथे माझा पोरगा बॅग घेऊन हॉस्टेलच्या दारात उभाय, मालक म्हणतोय संध्याकाळपर्यंत पैसे नाही आले तर बेड दुसऱ्याला देणार, तुम्ही लोक नुसतं बोलता."

स्क्रिप्टप्रमाणे इथे जातं, "सर, तुम्हाला झालेल्या असुविधेबद्दल मी दिलगिरी व्यक्त करते, तुम्ही निश्चिंत राहा, मी तुमची पूर्ण मदत करेन." मग तो काय करतो? परत पहिल्यापासून सांगतो, पोरगा, बॅग, बेड. हे नीट लक्षात घ्या, कस्टमर तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागला तर त्याचा अर्थ तुम्ही ती पहिल्यांदा घेतली नाही, निदान घेतल्याचं त्याला दिसलं नाही. रेकॉर्डिंग ऐकताना मी हेच मोजते, कोणती गोष्ट किती वेळा आली. जी तीनदा आली तीच त्याची खरी तक्रार. इथे १४,५०० तो एकदाही म्हणाला नाहीये. तो बेड म्हणतोय, संध्याकाळ म्हणतोय.

म्हणून त्याचं थांबलं की एक श्वास सोडा, लगेच तुटून पडू नका, आणि मग, "म्हणजे मुलगा आत्ता हॉस्टेलवर थांबलाय आणि बेडची मुदत संध्याकाळपर्यंतच आहे. बरं. किती वाजेपर्यंत म्हणालेत मालक?" यात सॉरी नाही, समजू शकते नाही, काही नाही. त्याचेच दोन शब्द परत दिले आणि एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर खरंच कामाचं आहे. "सहा म्हणालाय." इथे आवाज अर्धा खाली येतो, दरवेळी नाही पण बहुतेक वेळा येतो, कारण आता त्याचं घड्याळ तुमच्याही समोर आलंय.

मग कालच्या कॉलचं. "काल तुम्हाला थांबा सांगितलं पण कशासाठी थांबायचं ते सांगितलं नाही, ते सांगायला हवं होतं. ते मी आत्ता बघून सांगते." माफी मागायची असेल तर ती अशी, नेमकं काय राहिलं त्याची. कालच्या एजंटला वाईट म्हणायचं नाही, आणि "कंपनीच्या वतीने" वगैरेही नको.

यानंतर व्हेरिफिकेशन, आणि इथेच बऱ्याच जणांचा कॉल परत बिघडतो. माणूस जरा शांत झालेला असतो आणि आपण एकदम सरकारी आवाजात "रजिस्टर्ड मोबाइल क्रमांक सांगा". पेमेंटच्या कॉलला लोक आधीच धास्तावलेले असतात, फसवणुकीचे किस्से सगळ्यांनी ऐकलेत. म्हणून कारण आधी, प्रश्न नंतर. "तुमचंच खातं उघडतेय ना याची खात्री म्हणून दोन गोष्टी विचारते, पिन वगैरे काही मी विचारणार नाहीये." मग प्रश्न जसेच्या तसे स्क्रिप्टमधले.

बघायला वेळ लागत असेल तर "मी तुमचा कॉल होल्डवर ठेवू शकते का" पेक्षा "लाइनवरच थांबा, मी तुमचा कालचा व्यवहार उघडतेय, मिनिटभर लागेल". आणि मिनिटभर म्हटलं तर मिनिटाने परत यायचं, माहिती मिळाली नसली तरी. "अजून उघडतंय, आहे मी इथेच." कस्टमरचा पारा सगळ्यात जास्त चढतो तो शांततेत, फक्त कीबोर्डची टकटक ऐकू येत असते तेव्हा. काय करताय ते बोलत राहा, "काल सात वाजून चार मिनिटांचा आहे ना? हा दिसला."

आता सगळ्यात महत्त्वाचं. "काळजी करू नका" हे वाक्य स्टेटस बघायच्या आधी कधीही बोलायचं नाही. मी फोनवर असताना एका बाईंना सुरुवातीलाच म्हटलं होतं, काळजी करू नका, पैसे परत येतील. मग स्टेटस उघडलं तर व्यवहार सक्सेस होता, त्यांनी नंबरचा एक आकडा चुकवला होता आणि पैसे तिसऱ्याच माणसाला गेले होते. मला माझा शब्द मागे घ्यावा लागला. त्या रडल्या आणि म्हणाल्या तू मघाशी का सांगितलंस मग. तो कॉल मी अजून विसरलेले नाही. दिलासा देणारं वाक्य चांगलं का वाईट हे त्याच्या शब्दांवर नाही, ते खरं आहे का त्यावर ठरतं, आणि ते तुम्हाला स्टेटस बघितल्यावरच कळतं.

म्हणून या तीन गोष्टी पक्क्या माहीत असू द्या, कारण पेमेंटच्या कॉलला खरा दिलासा इथूनच येतो. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. त्याप्रमाणे यूपीआयने माणसाने माणसाला पाठवलेले पैसे कट झाले आणि समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते जास्तीत जास्त व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला पाहिजेत. दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल आणि त्याच्याकडे कन्फर्मेशन गेलं नसेल तर ही मुदत ५ दिवसांची. मुदतीनंतर उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, कस्टमरने मागितली नाही तरी. आणि व्यवहार सक्सेस होऊन चुकीच्या माणसाला गेला असेल तर यातलं काहीच लागू होत नाही, तो वेगळा विषय.

बार्शीच्या कॉलमध्ये स्टेटस पेंडिंग होतं, पैसे माणसाच्या खात्यावर पाठवलेले. मग बोलायचं ते असं. "साहेब, मला व्यवहार दिसतोय. पैसे तुमच्या बँकेतून निघालेत आणि मालकांच्या बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही, म्हणून मध्ये लटकलेत. काल पाठवलेत ना, तर नियमाप्रमाणे आजचा दिवस संपेपर्यंत ते मालकांना जमा तरी व्हायला पाहिजेत नाहीतर तुमच्या खात्यात परत तरी. उद्यावर गेलं तर दिवसाचे शंभर रुपये बँकेला तुम्हाला द्यावे लागतात. सहाच्या आत होईलच असं मी म्हणत नाही, ते माझ्या हातात नाही."

शेवटचं वाक्य बघा. नव्या मुलींना वाटतं हे बोललं तर माणूस भडकेल, पण त्या एका वाक्याने आधीच्या चार वाक्यांवर विश्वास बसतो. आणि ते बोलल्यावर लगेच त्याच्या सहा वाजताच्या अडचणीवर यायचं, कारण आपण त्यावर एवढा वेळ काढलाय. "आता सहाचं बघू. ॲपमध्ये या व्यवहारावर क्लिक केलं की १२ आकडी यूटीआर नंबर दिसेल, मी सांगते कुठे. त्याचा स्क्रीनशॉट मालकांना पाठवा, त्यावरून त्यांच्या बँकेत चौकशी करता येते आणि तुम्ही पैसे पाठवलेत हेही दिसतं. आणि एक, घाईघाईत परत १४,५०० पाठवू नका, लटकलेले पण पोचले तर दोनदा जातील." हे ऐकून माणूस म्हणतो, "बरं झालं सांगितलंत, मी पाठवणारच होतो." कॉल इथे शांत होतो. शांत होण्यासाठी असं एकही खास वाक्य बोललेलं नाही बघा, त्याच्या अडचणीवर बोललं एवढंच.

बंद करताना "अजून काही सहाय्यता" हे चिडून आलेल्या माणसाला फार बोचतं. शीटवर सक्तीचं असेल तर वळवून घ्या, "यातलं काही परत सांगू का? दुसरं काही आहे का?" तक्रार नंबर द्या, लिहून घ्यायला वेळ द्या. आणि तुमच्या प्रोसेसला आउटबाउंड कॉल करायची सोय नसेल तर "मी तुम्हाला कळवते" चुकूनही म्हणू नका. "उद्या सकाळपर्यंत दोन्हीकडे काही दिसलं नाही तर हा नंबर सांगा, परत पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागणार नाही, मी सगळं लिहून ठेवतेय." आणि खरंच लिहून ठेवा, मुलगा, हॉस्टेल, सहा वाजता, सगळं. पुढच्या एजंटचं ओपनिंग त्यावर ठरतं.

चुकीच्या माणसाला पैसे गेले असतील तेव्हा काय, तर तिथे उगाच धीर द्यायला जायचं नाही. "पैसे पोचलेत, पण तुम्हाला पाठवायचे होते त्यांना नाही, दुसऱ्याच खात्यात. आपण लगेच तक्रार टाकू, पण समोरच्याने हो म्हटल्याशिवाय बँक सहसा काढून देत नाही, हे मी आत्ताच सांगते." मग थांबा. रडतील, ओरडतील, त्यांना चार सेकंद द्या. "हो. मोठी रक्कम आहे." रक्कम मोठी आहे हे त्यांनी बोलण्यातून दाखवलं असेल तरच म्हणा, नाहीतर तेही पाठ केलेलं होतं.

"शांत व्हा", "तुम्ही आवाज वाढवू नका", "ऐकून घ्या आधी", ही तीन वाक्यं कायमची सोडा. आवाज वाढला तर आपला जरा खाली आणि सावकाश करा, तो आपोआप कान देतो. शिव्या चालू झाल्या तर गोष्ट वेगळी, तिथे तुमच्या प्रोसेसचा वॉर्निंगचा नियम असतो तो शब्दशः वापरा, त्यात स्वतःचं काही घालू नका, कारण उद्या तोच कॉल ऐकला जातो तेव्हा नियमाचे शब्दच तुमचा बचाव करतात.

सराव कसा करायचा ते सांगते. वाक्यांची यादी पाठ करू नका, ती पाठ केली की परत तिथेच याल. रोज शिफ्ट संपल्यावर स्वतःचा एक कॉल मागून घ्या आणि फक्त पहिली दोन मिनिटं ऐका. कस्टमरने वापरलेले तीन शब्द कागदावर लिहा, डिपॉझिट, पोरगा, बेड असे, आणि मग बघा त्यातला एकतरी शब्द तुमच्या तोंडून आला का. तो "डिपॉझिट" म्हणतोय आणि तुम्ही "सदर रक्कम" म्हणताय असं फार वेळा सापडेल. पहिल्या आठवड्यात एखादाच शब्द येतो, तीनेक आठवड्यांत सवय लागते. सुरुवातीला कॉल जरा लांबतो आणि एएचटीवरून बोलणी बसतात, पण कस्टमर परत परत सांगायचा थांबला की मधली मिनिटं वाचतात. माझ्या बॅचेसमध्ये महिन्याभरात वेळ पूर्वीइतकाच झालेला मी बघितलाय, काही जणींचा कमी.

आणि क्यूएचं. असा एक चांगला गेलेला कॉल निवडा, ज्यात कस्टमर शेवटी स्वतःहून थँक यू म्हणालाय पण एम्पथीला मार्क कापलेत, आणि टीएलला सांगा हा कॅलिब्रेशनला लावा. तिथे टीएल, क्यूए आणि ट्रेनर एकच कॉल एकत्र ऐकून मार्क देतात. मार्कांवर वाद घालू नका, "मुलगा हॉस्टेलवर थांबलाय, बेडची मुदत संध्याकाळपर्यंत" हे वाक्य एम्पथीत धरायचं का नाही एवढंच विचारा. आमच्याकडे हा प्रश्न दोन वेळा गेला. पहिल्यांदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदा ते वाक्यच शीटवर उदाहरण म्हणून घातलं.